बाथरूममधलं सीरम, डिकीतलं सनस्क्रीन आणि झाकणाखालचे थेंब

«मडगावात वरच्या मजल्यावर राहते. बाथरूमला खिडकी नाही, गिझर आतच आहे. आरशाखालच्या फळीवर सगळं ठेवते. १५ टक्क्यांचं व्हिटॅमिन सी सीरम, ३० मिलीची बाटली, दीड महिन्यात कोऱ्या चहासारखं झालं. सनस्क्रीनच्या ट्यूबमधून आधी पाणी येतं, मग क्रीम. ही ट्यूब बऱ्याचदा स्कूटरच्या डिकीत असते. मॉइश्चरायझरच्या डबीच्या झाकणाला आतून थेंब दिसतात. रेटिनॉलही आहे, त्याचं काही कळत नाही. हे सगळं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं तर प्रश्न सुटेल का?»

सगळं नको. फ्रिजमध्ये फक्त सी सीरम जाऊ दे. बाकीच्यांना तिथे फारसा फायदा नाही, आणि सनस्क्रीनला तर तोटाच होऊ शकतो. तुम्हाला दिसलेले तीन बिघाड एकाच फळीवर झाले असले तरी त्यांची कारणं वेगळी आहेत. सीरम हवेने गेलं, सनस्क्रीन उष्णतेने फुटलं आणि डबीत पाणी शिरलं. त्यामुळे एकच उपाय तिघांना लागू पडणार नाही.

आधी दमटपणाबद्दलचा एक मोठा गैरसमज दूर करू. घट्ट बंद बाटलीला बाहेरच्या दमट हवेचा जवळजवळ काहीच त्रास होत नाही, कारण काच आणि जाड प्लॅस्टिक यांतून बाष्प सहज आत जात नाही. म्हणून फळीवर सिलिका जेलच्या पुड्या ठेवून खोका आणि लेबल कोरडं राहील, आतल्या सीरमला त्याचा उपयोग नाही. दमटपणा आत शिरतो तो झाकण उघडं असताना. गोव्यात जून ते सप्टेंबर तो किती वेगाने शिरतो, हे आकड्यात पाहिलं की नीट कळतं. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू साधारण २६ अंशांवर असतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी थेंब होऊन बसणार. २४ अंशांच्या एसी खोलीतून डबी बाथरूममध्ये नेलीत आणि उघडलीत, तर तेवढ्यावरही क्रीमच्या पृष्ठभागावर बारीक दव धरू शकतं. फ्रिजमधली ५ अंशांची डबी असेल तर विचारूच नका. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर बिनखिडकीच्या बाथरूममध्ये आर्द्रता शंभराच्या जवळ जाते, आणि नेमकं त्याच वेळी आपण चेहऱ्याला काही लावायला झाकण उघडतो.

तुमच्या डबीतले थेंब असेच आलेले आहेत. अंघोळीच्या वेळी फळी तापते, क्रीममधलं आणि आत अडकलेल्या हवेतलं पाणी वाफ होऊन वर जातं. नंतर बाथरूम निवलं की तीच वाफ झाकणाला आतून धरते आणि थेंब होऊन खाली पडते. हे रोज दोनदा घडतं. त्या थेंबात काय नसतं ते महत्त्वाचं आहे. क्रीममधलं परिरक्षक, म्हणजे जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं फिनॉक्सिइथेनॉल किंवा तसंच काही, ठरावीक प्रमाणात संपूर्ण क्रीममध्ये मिसळलेलं असतं. वाफेचा थेंब म्हणजे जवळजवळ शुद्ध पाणी. तो क्रीमवर पडतो तिथे परिरक्षक पातळ होतं आणि बुरशीला किंवा पाण्यातल्या जीवाणूंना पाय रोवायला तेवढी जागा मिळते. त्यात तोंड धुतल्यावरचं ओलं बोट बुडवलं की जंतूही आपणच आणून देतो.

म्हणून डबी फ्रिजमध्ये नेऊ नका. बेडरूमच्या कपाटात ठेवा, आणि चेहरा व हात पुसून कोरडे केल्यावर तिथेच उघडा. बोटाऐवजी छोटा प्लॅस्टिकचा चमचा वापरा. तो रोज साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचा. ओला चमचा ओल्या बोटापेक्षा काही बरा नाही. आत्ताच्या डबीचा निर्णय डोळ्यांनी आणि नाकाने करा. पृष्ठभागावर करडे, हिरवे, गुलाबी किंवा काळे ठिपके, आंबूस वास, कडेला साचलेलं पाणी, किंवा पूर्वी घट्ट असलेलं क्रीम सैल होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी डबी पूर्ण टाकायची. वरचा थर काढून खालचं वापरणं चुकीचं, कारण बुरशीचा ठिपका दिसतो तेव्हा तिचे तंतू खाली पोचलेले असतात. आणि काहीच दिसत नसलं तरी डबी निर्मळ आहे असं सिद्ध होत नाही, जीवाणू पुष्कळदा रंग-वास न बदलता वाढतात. चेहऱ्यावर फुटलेले मुरूम, एक्झिमा किंवा ताजी जखम असेल तर असे थेंब पडत राहिलेली डबी मी वापरू देणार नाही. पुढची खरेदी पंप किंवा ट्यूबची करा. डबीतलं क्रीम घरीच दुसऱ्या पंपाच्या बाटलीत भरू नका. त्या प्रयत्नात हवा आणि जंतू दोन्ही आत जातात.

आता सीरम. सी सीरम म्हणजे बहुतेक वेळा एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, पाण्यात विरघळवलेलं आणि साधारण ३.५ किंवा त्याहून कमी पीएचवर ठेवलेलं. पाण्यात विरघळलं की ते प्राणवायूशी जुळून बदलायला लागतं. आधी डिहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होतं आणि तिथून मागे येण्याची वाट थोडी उरते. त्यापुढे मात्र ते तुटत जातं आणि पिवळे-तपकिरी पदार्थ तयार होतात. बिघडलेल्या सीरमने बोटांची टोकं आणि नखांच्या कडा केशरी दिसू लागतात, त्याचं कारण त्या तुटण्यात निर्माण होणारं एरिथ्रुलोज. कृत्रिम टॅनच्या क्रीममध्ये घालतात तेच हे.

या बदलाला प्रकाश, उष्णता आणि हवा तिन्ही मदत करतात, पण तुमच्या बाटलीत मुख्य हात हवेचा दिसतो. ढोबळ हिशेब करून पाहू. बाटली अर्धी झाली की आत १५ मिली हवा असते, त्यात साधारण ३ मिली प्राणवायू. उरलेल्या १५ मिली सीरममध्ये १५ टक्क्यांनी सव्वादोन ग्रॅम व्हिटॅमिन आहे. तेवढा प्राणवायू सगळाच्या सगळा खर्ची पडला तरी त्यातलं फार तर एक-दोन टक्के व्हिटॅमिन जाईल. म्हणजे बाटली बंद राहिली असती तर हवेमुळे झालेलं नुकसान तिथेच थांबलं असतं. पण आपण ती रोज उघडतो, नवी हवा भरतो आणि ड्रॉपरचा रबर दोन-चार वेळा दाबून सीरममध्ये बुडबुडे सोडतो. ड्रॉपर बाहेर काढून हातावर थेंब मोजेपर्यंत बाटली उघडीच असते. त्यावर ३२ अंशांची फळी. रासायनिक बदलांचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो असा ढोबळ नियम आहे. त्या नियमाने ३२ वरून ५ अंशांवर आल्यास वेग सहाव्या हिश्शाच्या आसपास उतरायला हवा. प्रत्यक्षात फायदा याहून कमी मिळतो, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. तरीही फरक ठळक पडतो. म्हणून सीरम फ्रिजमध्ये.

पण खरी चूक बाटलीच्या आकारात आहे. सकाळी पाच थेंब लावत असाल तर एक थेंब साधारण ०.०५ मिली धरून रोज पाव मिली खर्च होतो. ३० मिली संपायला चार महिने लागतात. उघडलेलं, विशेष स्थिरीकरण न केलेलं सीरम आपल्या हवेत इतके दिवस टिकणं अवघड. तुमच्या दीड महिन्यात अकरा मिली वापरलं गेलं आणि एकोणीस मिली वाया गेलं. १५ मिलीची बाटली घेतलीत तर ती दोन महिन्यांत संपते, आणि फ्रिजमध्ये ठेवून ते दोन महिने निभावणं शक्य आहे. मिलीमागे किंमत जास्त पडली तरी हीच स्वस्त. घटकांच्या यादीत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक आम्ल दिसलं तर आणखी बरं, ती दोघं ऑक्सिडेशन लांबवतात. थांबवत नाहीत.

फ्रिजमध्ये कुठे, हेही पाहा. मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे गोठण्याचा धोका असतो. दारातल्या कप्प्यात तापमान सतत वर-खाली होतं. मधल्या कप्प्यात, झाकणाच्या छोट्या डब्यात बाटली उभी ठेवा. डबा असला की मासळीचा वासही बाटलीच्या रबराला लागत नाही. वापरताना बाटलीच फ्रिजजवळ उघडा, पाच थेंब घ्या, लगेच घट्ट लावा आणि परत आत ठेवा. बाटली ओट्यावर दहा मिनिटं ठेवली की तिच्या मानेवर दव धरतं आणि पुढच्या वेळी ते ड्रॉपरबरोबर आत जातं. पावसात दोन-तीन तास वीज गेली तर काळजी नको, फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतली थंडी तेवढा वेळ राहते.

नवी बाटली उघडाल त्या दिवशी पांढऱ्या बशीत दोन थेंब टाकून फोटो काढून ठेवा. काही सीरमं फेरुलिक आम्लामुळे पहिल्यापासून किंचित पिवळसर असतात, त्यामुळे नुसता पिवळा रंग पाहून घाबरू नये. पहिल्या दिवसापासून किती गडद झालं ते पाहायचं. गवताच्या काडीसारखं फिकट असेपर्यंत वापरा, मधासारखं झालं की लवकर संपवा, चहासारखं झालं की टाकून द्या. तुमची आत्ताची बाटली शेवटच्या गटात बसते. ती लावली तर बहुतेकांना इजा होत नाही, थोडी चुणचुण होते आणि डाग पडतात. पण ज्या कामासाठी घेतली ते काम ती करणार नाही.

सनस्क्रीनबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते, कारण ते निकामी झालं तर चेहरा भाजेपर्यंत कळत नाही. सनस्क्रीन म्हणजे पाणी आणि तेल यांचं बांधलेलं मिश्रण. ऊन अडवणारे बरेचसे घटक तेलाच्या भागात विरघळलेले असतात, किंवा झिंक ऑक्साइडसारखे भुकटीच्या रूपात सगळीकडे पसरवलेले असतात. डब्यावरचा एसपीएफ चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम असा एकसारखा थर लावून मोजलेला असतो. बांधणी फुटली की तो एकसारखेपणा जातो. तुमच्या ट्यूबमधून आधी पाणी येतं त्या पाण्यात घटक कमी, नंतर येणाऱ्या जाड भागात जास्त. म्हणजे एकाच ट्यूबमधून एक दिवस कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त संरक्षण मिळतं, आणि चेहऱ्यावरसुद्धा ठिगळं पडतात.

एव्होबेन्झोन हा ऊन अडवणारा घटक प्रकाशात तुटतो हे तुम्ही वाचलं असेल. ते खरं आहे, पण ते त्वचेवर लावल्यानंतर, उन्हात घडतं. त्यासाठीच त्याच्या जोडीला ऑक्टोक्रिलीनसारखे स्थिर ठेवणारे घटक घालतात आणि दोन तासांनी पुन्हा लावायला सांगतात. अपारदर्शक ट्यूबमध्ये प्रकाश पोचत नाही. ट्यूबमध्ये नुकसान करते ती उष्णता, आणि तुमच्या बाबतीत बाथरूमपेक्षा डिकी जास्त दोषी आहे. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरची डिकी पन्नाशीच्या आसपास तापू शकते. संध्याकाळी निवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापते. सौंदर्यप्रसाधनांची आणि औषधांची वेगवान चाचणी ४० अंशांवर घेण्याची पद्धत आहे; डिकी त्याच्याही पलीकडे जाते. कोलवा किंवा बाणावलीला जाताना ट्यूब डिकीत टाकली तरी गाडी लावल्यावर ती बरोबर घ्या, आणि वाळूवर कापडी पिशवीत, टॉवेलात गुंडाळून सावलीत ठेवा.

ही ट्यूब टाका. नीट हलवली, मळली की पुन्हा एकजीव दिसेल, पण आतली बांधणी परत येत नाही आणि एसपीएफ किती उरला हे घरी मोजता येत नाही. याला एक अपवाद आहे. काही पातळ सनस्क्रीनच्या बाटलीत छोटी गोळी असते आणि वर हलवून वापरा असं लिहिलेलं असतं. ती मुळातच वेगळी होणारी म्हणून बनवलेली असतात, त्यांना हलवणं हीच पद्धत आहे. बाकीच्यांसाठी घरची परीक्षा सोपी आहे. वाटाण्याएवढं काढून काळ्या ताटलीवर किंवा काचेवर पातळ पसरवा. भोवती पाण्याचं कडं, तेलाचे ठिपके किंवा रव्यासारखे कण दिसले तर ती गेली.

त्या रव्यावरूनच फ्रिजचा मुद्दा येतो. ऊन अडवणारे काही घटक, एव्होबेन्झोन त्यांतलाच एक, मुळात घनरूप असतात आणि तेलात विरघळवून घातलेले असतात. फार थंडी मिळाली की ते खड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतात आणि पुन्हा नीट विरघळतीलच असं नाही. म्हणून सनस्क्रीन फ्रिजमध्ये नको, खोलीच्या तापमानाला, उन्हापासून लांब ठेवा. आणखी एक हिशेब तपासून पाहा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर ओढलेल्या रेघांएवढं, म्हणजे साधारण एक ग्रॅम लागतं. रोज एकदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब पन्नास दिवसांत संपायला हवी, दुपारी पुन्हा लावत असाल तर महिन्याभरात. सहा महिने पुरणारी ट्यूब जुनी झाली म्हणून बिघडते, आणि सहा महिने पुरते याचा अर्थ ती कमी लावली जात आहे.

जुन्या घरांत विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. पाण्यात लोह जास्त असेल तर एव्होबेन्झोन त्याच्याशी जुळून केशरी-तांबडा रंग धरतो. पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर गंजासारखे डाग येतात ते त्यामुळे. ओल्या हाताने पसरवलेल्या सनस्क्रीनचा रंग बदललेला दिसला तरी कारण हेच असू शकतं. ट्यूब बिघडली असं लगेच समजू नका.

रेटिनॉलचं तुम्हाला काही कळत नाही ते साहजिक आहे, कारण ते जातं तेव्हा रंग फार थोडा बदलतो. त्याला प्रकाश आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. इथे वेष्टनावर सगळं अवलंबून आहे. अ‍ॅल्युमिनियमची ट्यूब दाबली की तशीच चेपलेली राहते, प्लॅस्टिकची ट्यूब फुगून हवा आत ओढते. हवा आत न घेणारा पंप या दोघींपेक्षा चांगला, आणि तोंड उघडी डबी असेल तर घेऊच नये. बंद वेष्टनातलं रेटिनॉल कपाटात, त्याच्या खोक्यात ठेवलं की पुरे. डॉक्टरांनी दिलेलं ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापॅलीन असेल तर ती औषधं आहेत, ट्यूबवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं ते पाळा. मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड वापरणाऱ्यांनी ते कधीही डिकीत किंवा गाडीत ठेवू नये. उष्णतेत त्यातून बेन्झीन तयार होऊ शकतं. नायसिनामाइड आणि सॅलिसिलिक आम्ल कणखर आहेत, पंपात असतील तर त्यांची चिंता नको.

कपाट कुठलं, हे घरावर ठरेल. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, तेव्हा स्लॅबला लागून असलेला वरचा खण आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट दोन्ही नकोत. दुपारनंतर ती भिंत रात्री उशिरापर्यंत गरम राहते. आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, खालचा खण, ही जागा बहुधा सगळ्यात थंड निघते. कौलारू घरात, जिथे न्हाणी बाहेर आणि हवेशीर असते, तिथे हा प्रश्न इतका तीव्र नसतो. अंदाजावर जाऊ नका. तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल काटा मिळतो, सर्वाधिक आकडा लक्षात ठेवणारा घ्या. तो तीन दिवस बाथरूमच्या फळीवर आणि तीन दिवस कपाटात ठेवा. कपाटातला सर्वाधिक आकडा ३० च्या आसपास थांबला तर जागा चांगली. एप्रिल-मेमध्ये एकदा पुन्हा पाहा, कारण जुलैत चांगली निघालेली जागा मे महिन्यात ३४ दाखवू शकते.

उघडलेल्या दिवशी प्रत्येक वस्तूच्या तळाला मार्करने तारीख लिहा. डबीच्या चित्रात १२एम लिहिलेलं असतं ते उघडल्यापासूनचे बारा महिने, पण ते नीट ठेवलेल्या वस्तूसाठी. उघड्या डबीला आपल्या पावसाळ्यात मी सहा महिन्यांपलीकडे धरत नाही, सी सीरमला फ्रिजमध्ये दोन ते तीन. फेसवॉश आणि शॅम्पू त्या फळीवर खुशाल राहू द्या, ते लगेच धुऊन जातात.